उणे चौदाने गुणताना

संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला एक प्रश्न हमखास येतो. दोन संख्या दिलेल्या असतात, त्यांतली निदान एक ऋण असते, आणि सांगितलेलं असतं की गुणकाचे बिट जोडीजोडीने रिकोड करून गुणाकार काढा, सगळ्या पायऱ्या दाखवा. हमाकर, व्रानेसिच आणि झाकी यांच्या ‘कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन’ या पाठ्यपुस्तकात ही पद्धत ‘बिट-पेअर रिकोडिंग’ या नावाने आहे. बहुतेक विद्यार्थी तिचा आठ ओळींचा तक्ता पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला हे फार खटकतं, कारण तो तक्ता पाठ करण्याची गरजच नाही. शाळेतलं बीजगणित येणाऱ्या कुणालाही तो एका ओळीतून स्वतः काढता येतो, आणि एकदा तसा काढला की उत्तर का बरोबर येतं हेही कळतं.

म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन ते तडीस नेऊ: +१९ गुणिले −१४. उत्तर −२६६ आहे, हे आधीच माहीत असू द्या. आपल्याला पाहायचं आहे ते यंत्र तिथवर कसं पोचतं. गोंधळ होऊ नये म्हणून बायनरी संख्या 0 आणि 1 अशा अंकांत लिहितो आणि नेहमीच्या संख्या देवनागरी अंकांत.

आधी ऋण संख्या संगणकात कशी लिहितात ते पाहू. सहा बिट घेतले तर एरवी डावीकडून त्यांची स्थानिक किंमत ३२, १६, ८, ४, २, १ अशी असते. टूज कॉम्प्लिमेंट नावाच्या पद्धतीत एवढाच बदल होतो की सर्वांत डावीकडच्या बिटाची किंमत ३२ ऐवजी −३२ धरतात. बाकीच्या पाचांना हात लावत नाहीत. त्यामुळे 110010 म्हणजे −३२ + १६ + २, म्हणजे −१४. आणि 010011 म्हणजे १६ + २ + १, म्हणजे १९. संख्येचं चिन्ह बदलायचं असेल तर सगळे बिट उलटे करायचे आणि त्यात १ मिळवायचा. तीच संख्या जास्त बिटांत लिहायची असेल तर सर्वांत डावीकडचा बिट, म्हणजे साइन बिट, डावीकडे पुन्हा पुन्हा लिहीत जायचं. 110010 हे सात बिटांत 1110010 होतं. किंमत मोजून पाहा, −६४ + ३२ + १६ + २, पुन्हा −१४च. हा शेवटचा नियम किरकोळ वाटतो, पण उत्तरपत्रिकेतले निम्मे गुण त्याच्यापाशी अडकतात. त्याच्याकडे पुढे येऊच.

आता शाळेत शिकलो तसा गुणाकार करून पाहू. गुणकाच्या प्रत्येक अंकाने गुण्याला गुणायचं, एकेक घर डावीकडे सरकवत खाली लिहायचं आणि शेवटी बेरीज. बायनरीत हे सोपं आहे, कारण अंक 0 किंवा 1च असतो: ओळ एक तर शून्यांची, नाही तर गुण्याचीच नक्कल. पण गुणक 110010 असा असताना हे डोळे मिटून केलं तर उत्तर ९५० येतं. सहाही बिट धन किमतीचे धरले की 110010 म्हणजे ५० होतात, आणि १९ × ५० = ९५०. आपल्याला हवं होतं −२६६. फरक १२१६ चा, म्हणजे नेमका १९ × ६४. सर्वांत डावीकडचा 1 आपण −३२ ऐवजी +३२ धरला, त्या चौसष्टाची ही किंमत.

यावर एक सरळ उपाय आहे: शेवटची ओळ मिळवण्याऐवजी वजा करायची. चालतो तो. पण मग शेवटच्या बिटासाठी वेगळा नियम ठेवावा लागतो आणि सहा बिटांसाठी सहा ओळी तशाच राहतात. चौसष्ट बिटांच्या यंत्रात त्या चौसष्ट होतात. एका दगडात या दोन्ही अडचणी ज्या कल्पनेने सुटतात, तिचा उगम लंडनच्या बर्कबेक कॉलेजात आहे.

तिथे अँड्र्यू डोनल्ड बूथ हे स्फटिकांच्या रचनेवर काम करत होते. त्या कामात आकडेमोड प्रचंड असते, त्यामुळे गणनयंत्रं हा त्यांचा रोजचा विषय झाला. १९५१ साली त्यांनी चिन्हासहित बायनरी गुणाकाराच्या तंत्रावर एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कल्पना दुकानदाराच्या हिशेबासारखी आहे. ९९ रुपयांच्या सात वस्तू घेतल्या तर तो सात नव्वे त्रेसष्ट करत बसत नाही. सातशेतून सात वजा करतो. बूथ यांनी हेच बायनरीत केलं. 011110 मध्ये चार 1 ओळीने आहेत, म्हणजे साध्या पद्धतीने चार बेरजा. पण ही संख्या ३० आहे, आणि ३० म्हणजे ३२ वजा २. एक बेरीज, एक वजाबाकी, काम झालं. सलग 1 कितीही असोत, त्या माळेच्या उजव्या टोकाशी एक वजाबाकी आणि डाव्या टोकाच्या पुढच्या घरात एक बेरीज पुरते.

माळा लांब असतील तोवर हे झकास चालतं. पण 010101 घ्या, म्हणजे २१. इथे प्रत्येक 1 ही स्वतःच एक माळ आहे. बूथ यांच्या नियमाने ही संख्या ३२ − १६ + ८ − ४ + २ − १ अशी लिहिली जाते: सहा क्रिया. साध्या पद्धतीने तीनच लागल्या असत्या. म्हणजे कधी फायदा, कधी तोटा, आणि नेमका किती वेळ लागेल हे गुणक पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. सर्किट बांधणाऱ्याला अशी अनिश्चितता परवडत नाही. त्याला सर्वांत वाईट गुणकासाठीही किती ओळी लागतील याची खात्री हवी असते.

ती खात्री दहा वर्षांनी मिळाली. १९६१ साली आयबीएममधल्या ओ. एल. मॅक्सॉर्ली यांनी संगणकातल्या वेगवान अंकगणितावर सविस्तर लेख लिहिला. त्यात गुणकावरून दर वेळी ठरलेली दोन घरं पुढे सरकत जाण्याची पद्धत मांडली होती. दर दोन बिटांमागे एक ओळ. सहा बिटांना तीन, चौसष्टांना बत्तीस. गुणक कसाही असो, त्याहून जास्त नाही.

दोन बिटांमागे एक ओळ, हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात एक अडथळा आहे. दोन बिटांची जोडी 00, 01, 10 किंवा 11 असू शकते, म्हणजे ०, १, २ किंवा ३. गुण्याची शून्यपट म्हणजे काहीच नाही, एकपट म्हणजे ते स्वतः. दुप्पटही फुकट मिळते: बिट एक घर डावीकडे सरकवले आणि उजवीकडे शून्य लावलं की झालं. तिप्पट मात्र सरकवून मिळत नाही. तिच्यासाठी गुण्य आणि त्याची दुप्पट यांची खरोखरची बेरीज करावी लागते, आणि बेरजा वाचवायलाच तर आपण निघालो होतो. तेव्हा तीन हा अंक टाळायला हवा. रिकोडिंगचा सगळा खटाटोप या एका तिनासाठी आहे.

तो कसा टाळतात हे गुणकाच्या किमतीचं सूत्र मांडलं की दिसतं. गुणकाचे बिट उजवीकडून b0, b1, b2, b3, b4, b5 म्हणू. त्याची किंमत अशी:

```
-32·b5 + 16·b4 + 8·b3 + 4·b2 + 2·b1 + b0
```

आता 8·b3 च्या जागी 16·b3 − 8·b3 लिहू. किंमत बदलली नाही. तसंच 2·b1 च्या जागी 4·b1 − 2·b1. मग पदांचे गट पाडले की हे मिळतं:

```
16·(-2·b5 + b4 + b3)
+ 4·(-2·b3 + b2 + b1)
+ 1·(-2·b1 + b0 + 0)
```

या तीन ओळींवर थोडं थांबा. प्रत्येक कंसात तीन बिट आहेत: जोडीतला डावा, जोडीतला उजवा, आणि उजवीकडच्या शेजारच्या जोडीतला डावा. त्यांचे गुणांक नेहमी तेच: −२, +१, +१. जोडीतल्या डाव्या बिटाची खरी किंमत +२ आहे. आपण आपल्या जोडीत ती −२ धरतो, म्हणजे चार कमी. ते चार पुढच्या जोडीला एक म्हणून दिले जातात, कारण पुढच्या जोडीतलं एक म्हणजे इथले चार. ओळीतून ओळीत जाणारा हा हातचाच आहे, फक्त तो आधीपासूनच ठरलेला असतो. बेरजेतला हातचा मागच्या घराचं उत्तर आल्यावरच कळतो. हा हातचा म्हणजे गुणकातला एक बिट, नुसता वाचला की कळतो. त्यामुळे तिन्ही गटांचे अंक एकाच वेळी काढता येतात, कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. आणि सर्वांत डावीकडची जोडी पाहा. तिथल्या b5 ची खरी किंमतच −३२ आहे, म्हणजे १६ × (−२). तिला पुढे काही द्यायचं राहतच नाही. ऋण चिन्हासाठी वेगळा नियम लागत नाही तो एवढ्यासाठी. बाकीच्या जोड्यांत −२ हा गुणांक आपण मुद्दाम आणला, शेवटच्या जोडीत तो मुळातच होता.

तक्ता आता पाठ करायची गरज नाही. तीन बिट घ्या, −२, +१, +१ ने गुणा, बेरीज करा:

```
000 ->  0
001 -> +1
010 -> +1
011 -> +2
100 -> -2
101 -> -1
110 -> -1
111 ->  0
```

तीन कुठेच नाही. −२ ते +२ या पाच अंकांत सगळं बसलं. शेवटची ओळ पाहून अनेकांना अडखळायला होतं, कारण तीन 1 असून उत्तर शून्य कसं, असं वाटतं. −२ + १ + १, म्हणून शून्य. बूथ यांच्या भाषेत, आपण 1 च्या लांब माळेच्या मधोमध आहोत आणि तिथे काही करायचं नसतं.

आता उत्तर लिहायला घेऊ, परीक्षेच्या वहीत लिहावं तसं.

पहिली पायरी म्हणजे दोन्ही संख्या सहा-सहा बिटांत लिहून घेणं. गुण्याला M म्हणू.

```
M     = 010011    (+19)
गुणक  = 110010    (-14)
```

इथेच आणखी एक गोष्ट ठरवून टाकायची: सहा बिटांनी सहा बिटांना गुणलं की उत्तराला बारा बिट लागतात, म्हणून यापुढची प्रत्येक ओळ पूर्ण बारा बिटांत लिहायची.

दुसरी पायरी रिकोडिंगची. गुणकाच्या उजवीकडे एक काल्पनिक 0 लावायचा. वरच्या सूत्रातल्या शेवटच्या कंसात जो शून्य होता तोच हा. मग उजवीकडून सुरुवात करून तीन-तीन बिट वाचायचे, पण दर वेळी दोनच घरं पुढे जायचं, म्हणजे प्रत्येक तिकडीतला डावीकडचा बिट पुढच्या तिकडीत उजवीकडे पुन्हा येतो.

```
गुणक:  1 1   0 0   1 0   (0)

पहिली तिकडी    1 0 0  ->  -2
दुसरी तिकडी    0 0 1  ->  +1
तिसरी तिकडी    1 1 0  ->  -1

रिकोड केलेला गुणक:  -1  +1  -2
```

मधली जोडी पाहा. तिच्यात 00 आहे, म्हणजे वरवर पाहता काहीच नाही. तरी तिचा अंक +१ आला, कारण उजवीकडच्या जोडीने आपल्या डाव्या बिटापोटी तिला एक देणं ठेवलं होतं. मधली जोडी रिकामी दिसते म्हणून तिथे शून्य लिहून मोकळं होणं ही या पायरीतली नेहमीची चूक आहे, आणि ती एका झटक्यात पकडता येते. रिकोड केलेल्या अंकांची किंमत काढून पाहायची. स्थानं चौपटीने वाढतात: १, ४, १६. म्हणून −१ × १६ + १ × ४ − २ × १ = −१६ + ४ − २ = −१४. बरोबर. मधे शून्य लिहिलं असतं तर −१८ आलं असतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की बेरजेला हात घालण्याआधी ही एक ओळ वहीत लिहावीच. तिला पाच सेकंद लागतात, आणि ती जुळली की रिकोडिंगबद्दल शंका उरत नाही. पुढे काही बिनसलं तर चूक बेरजेच्या भागातच आहे हे नक्की असतं.

तिसरी पायरी, लागणाऱ्या पटी तयार करणं. आपल्याला +M, −M आणि −2M हवेत. M तर हातात आहेच. −M साठी 010011 उलटं केलं की 101100, त्यात एक मिळवला की 101101. ताळा: −३२ + ८ + ४ + १ = −१९. आता −2M. −M च्या उजवीकडे एक 0 लावायचा आणि डावीकडचं काहीही टाकायचं नाही:

```
-M   =  101101     (-19)
-2M  = 1011010     (-38)
```

−2M सात बिटांचं झालं. ते तसंच राहू द्यायचं. १९ ची दुप्पट ३८, आणि सहा बिटांत +३१ च्या वर किंवा −३२ च्या खाली जाताच येत नाही. म्हणून सातवा बिट हवाच.

चौथी पायरी, ओळी मांडणं. पहिली ओळ −2M ची, जागच्या जागी. दुसरी +M ची, दोन घरं डावीकडे. तिसरी −M ची, चार घरं डावीकडे. सरकवताना उजवीकडे शून्यं येतात. डावीकडे बारा बिट होईपर्यंत साइन बिट भरत जायचं: ऋण ओळीत 1, धन ओळीत 0.

```
  111111011010    -2M         =  -38
  000001001100    +M  × 4     =  +76
  111011010000    -M  × 16    = -304
```

शेजारी दशमान किमती लिहिल्या आहेत त्या सजावटीसाठी नाहीत. प्रत्येक ओळीचा ताळा तिथल्या तिथे होतो, आणि परीक्षकालाही ओळ कुठून आली ते दिसतं.

पाचवी पायरी बेरजेची. तीन ओळी एकदम मिळवता येतात, पण मग एखाद्या घरात हातचा दोनचा येऊ शकतो आणि हाताने करताना तिथे गफलत होते. त्यापेक्षा दोन-दोन घ्याव्यात. आधी पहिल्या दोन:

```
  111111011010
+ 000001001100
--------------
1 000000100110
```

डावीकडे तेरावं घर तयार झालं. हा शेवटचा हातचा सोडून द्यायचा. बारा बिटांत काम चाललं आहे, बाराव्याच्या पलीकडे जे जाईल ते या पद्धतीत हिशेबात नसतं, आणि टूज कॉम्प्लिमेंटची सोय ती हीच. उरलं 000000100110, म्हणजे ३८; −३८ + ७६ = ३८, जुळलं. आता तिसरी ओळ:

```
  000000100110
+ 111011010000
--------------
  111011110110
```

डावीकडचा बिट 1, म्हणजे उत्तर ऋण. किती ते पाहायला चिन्ह बदलून घेऊ: उलटं केलं की 000100001001, एक मिळवला की 000100001010. म्हणजे २५६ + ८ + २ = २६६. उत्तर −२६६. शेवटी हे वाक्यात लिहायचं आणि खाली रेघ मारायची.

आता चुकांकडे येऊ, कारण ही पद्धत समजली आहे की नाही हे चुकांवरूनच कळतं. गुण्य म्हणून मी १९ मुद्दाम निवडले. सहा बिटांत १९ ची दुप्पट मावत नाही. समजा एखाद्याने −2M करताना सहाच बिट धरले आणि 1011010 मधला डावीकडचा 1 गळाला. उरलं 011010. याचा साइन बिट 0, म्हणून तो इमानेइतबारे डावीकडे शून्यं भरत जातो आणि पहिली ओळ −३८ ऐवजी +२६ ची होते. पुढची सगळी आकडेमोड निर्दोष असली तरी उत्तर येतं −२०२. खऱ्या उत्तरापासून फरक नेमका ६४.

हा ६४ योगायोगाने आलेला नाही. गळलेल्या बिटाची किंमत −६४ होती. दुसऱ्या कुणी सातही बिट ठेवले, पण ऋण ओळीपुढे 1 ऐवजी 0 भरले, तर 1011010 ची किंमत ९० होते आणि फरक १२८ चा पडतो. तिसऱ्या ओळीत हीच चूक झाली तर 101101 म्हणजे ४५ धरले जातात, त्यांचे सोळापट ७२०, आणि फरक १०२४. म्हणजे चुकीचं उत्तर आणि खरं उत्तर यांतला फरक दोनाचा मोठा घात, ६४ किंवा त्याहून वरचा, निघाला तर आकडेमोड पुन्हा तपासत बसू नये. थेट ओळींची डावी बाजू पाहावी. साइन बिट भरण्यात घोळ झालेला असतो. फरक १, २ किंवा १६ असा लहान निघाला तर −M किंवा −2M काढताना बिट उलटे केले पण एक मिळवायचा राहिला, हे जवळजवळ नक्की. तिसऱ्या ओळीत राहिला असेल तर सोळाचा फरक, पहिलीत राहिला असेल तर एक किंवा दोनचा. आणि उत्तर −७६ आलं, तर ओळी दोनऐवजी एकेक घरच सरकल्या आहेत: −४ + २ − २ = −४, आणि −४ × १९ = −७६.

गुणकाचे बिट विषम असतील तर काय, हा पुढचा प्रश्न. पाच बिटांत −६ म्हणजे 11010. जोड्या पाडायला एक बिट कमी पडतो. तो डावीकडे लावायचा, आणि साइन बिटच लावायचा: 111010. इथे सवयीने 0 लावला तर 011010 होतं, म्हणजे २६, आणि मग −६ ऐवजी २६ ने गुणलं जातं. उलट, प्रश्नात संख्या बिनचिन्हाच्या आहेत असं स्पष्ट म्हटलं असेल, तर गुणकाच्या डावीकडे 0 लावायलाच हवेत. सहा बिटांच्या बिनचिन्हाच्या 110010 पुढे दोन 0 लागतील आणि तीनऐवजी चार ओळी होतील. डावीकडे काय लावायचं हे बिटांच्या रूपावरून ठरत नाही, ती संख्या कोणत्या पद्धतीत वाचायची यावरून ठरतं. म्हणून प्रश्नातलं ते वाक्य नीट वाचावं लागतं.

एक टोकाचा प्रसंगही जाणून घेण्यासारखा आहे. सहा बिटांतली सर्वांत लहान संख्या −३२, म्हणजे 100000. तिचं चिन्ह बदलायला गेलो तर 011111 अधिक 1, पुन्हा 100000च. +३२ सहा बिटांत अस्तित्वातच नाही. ही संख्या गुण्य असेल आणि रिकोडिंगमध्ये −२ आलं, तर +६४ लागतात, आणि त्यांना सात बिटही पुरत नाहीत, आठ हवेत. सहा बिटांत पटी काढून मग त्या ताणण्याची सवय असलेला इथे हमखास फसतो. आधी M बारा बिटांत लिहून मग चिन्ह बदललं आणि सरकवलं, तर काहीच अडत नाही. −३२ गुणिले −३२ घ्या. गुणक 100000 च्या तिकड्या 000, 000, 100, म्हणजे रिकोड केलेला गुणक −२, ०, ०. एकच ओळ: +६४ चार घरं डावीकडे, 010000000000, म्हणजे १०२४.

मग दोनावरच का थांबायचं? तीन-तीन बिटांचे गट पाडले तर ओळी आणखी कमी होतील. त्याच युक्तीने गुणांक −४, +२, +१, +१ असे येतात आणि अंक −४ ते +४ मध्ये बसतात. चौपट सरकवून मिळते, दुप्पट मिळते. पण तीन हा अंक परत येतो. 3M साठी M आणि 2M ची खरी बेरीज आधी करून ठेवावी लागते, हातचे उजवीकडून डावीकडे पोचेपर्यंत थांबावं लागतं, आणि ओळी कमी केल्याने वाचलेल्या वेळाचा काही भाग तिथेच खर्ची पडतो. जोड्यांच्या पद्धतीत लागणाऱ्या सगळ्या पटी, ०, M, 2M आणि त्यांच्या ऋण जोडीदार, नुसत्या तारा एक घर बाजूला जोडून आणि बिट उलटे करून मिळतात. ऋण पटीसाठी मिळवायचा तो ‘एक’ही वेगळ्या बेरजेने घालावा लागत नाही. त्या ओळीच्या सर्वांत उजव्या घरात बाहेरून आलेला हातचा म्हणून तो मुख्य बेरजेतच सामावून जातो.